मूळ कागदाची नक्कल करताना चूक जशीच्या तशी ठेवावी की गुपचूप दुरुस्त करावी?

जुने हस्तलिखित पत्र, रोजनिशी किंवा इतिवृत्त पाहून उतरवून घेऊ लागले की पहिल्याच पानावर हा प्रश्न उभा राहतो. कागदावर ‘आशिर्वाद’ असते आणि सवयीचा हात ‘आशीर्वाद’ लिहून मोकळा होतो. ही दुरुस्ती इतकी किरकोळ वाटते की ती केल्याचे नक्कल करणाऱ्याच्या ध्यानातही राहत नाही. वाचणाऱ्याला तर ती कळण्याचा मार्गच नसतो, कारण त्याच्यासमोर मूळ कागद नसतो. या लेखात हाताने लिहिलेल्या जुन्या मराठी कागदाची नक्कल हाच एक प्रसंग घेतला आहे. अक्षरशः नक्कल केव्हा करावी, दुरुस्ती केव्हा करावी आणि केलेली दुरुस्ती कशी नोंदवावी, हे त्यात क्रमाने मांडले आहे.

माझे मत आधीच सांगतो. ‘हा शब्द चुकीचा आहे का’ हा येथे पहिला प्रश्न नव्हे. ‘ही चूक कोणाची आहे’ हा पहिला प्रश्न आहे. आज चुकीचा दिसणारा शब्द त्या काळच्या लेखनपद्धतीचा असू शकतो, लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या सवयीचा किंवा बोलीचा असू शकतो, त्याच्या लेखणीची त्या क्षणापुरती घसरण असू शकते किंवा तो आपण चुकीचा वाचलेला असू शकतो. या चारांपैकी न सांगता दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्याला फक्त चौथ्या प्रकारावर आहे. उरलेल्या तीन प्रकारांसाठी काहीतरी नियम ठरवावा लागतो आणि तो वाचकाला सांगावा लागतो.

लेखणी उचलण्यापूर्वी

पहिली पायरी नकलेचा उपयोग ठरवण्याची. पुराव्यासाठी, हक्काच्या कामासाठी किंवा मूळ कागदाच्या जागी ठेवण्यासाठी जी नक्कल करायची असते, तिच्यात दुरुस्तीला जागाच नाही. चुकलेले नाव, चुकलेली बेरीज, अर्धवट राहिलेले वाक्य, सगळे तसेच उतरले पाहिजे. अभ्यासासाठी करायच्या नकलेलाही हेच लागू होते, कारण भाषेचा अभ्यासक नेमका त्या ‘चुकां’मध्येच रस घेतो. घरातल्या तरुण मंडळींना आजोबांची पत्रे वाचता यावीत एवढाच हेतू असेल, तर मात्र आजच्या लेखनाप्रमाणे केलेली वाचनप्रत अधिक उपयोगाची ठरते.

बहुतेकांना हे दोन्ही उपयोग हवे असतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. एकच प्रत थोडी मूळ, थोडी दुरुस्त अशी तयार होते आणि ती कोणत्याच कामाची राहत नाही. म्हणून आधी अक्षरशः नक्कल पूर्ण करावी आणि वाचनप्रत हवी असल्यास तिच्यावरून वेगळी तयार करावी. हा क्रम उलटा करता येत नाही. अक्षरशः नकलेवरून शुद्ध प्रत केव्हाही निघते, पण शुद्ध प्रतीवरून मूळ लेखन परत मिळत नाही.

दुसरी पायरी नियमपत्रकाची. काम सुरू करण्यापूर्वी अर्ध्या पानाचे टिपण लिहून ठेवावे. मूळच्या ओळी पाळणार की मजकूर सलग लिहिणार, खोडलेले शब्द दाखवणार का, ‘चि.’, ‘ता.’, ‘सा. न. वि. वि.’ यांसारखी संक्षिप्त रूपे उलगडणार का, शब्दांमधली जागा मूळाप्रमाणे ठेवणार का, न लागलेले अक्षर कसे दाखवणार, हे त्यात असावे. अक्षरशः नकलेतही काही गोष्टी प्रत्येक ठिकाणी खूण न करता बदलाव्या लागतात. ओळीच्या शेवटी तुटलेला शब्द जोडणे हे त्यातले नेहमीचे उदाहरण आहे. असे बदल प्रत्येक ठिकाणी दाखवण्याची गरज नाही, पण टिपणात ते एकदा जाहीर केलेले असले पाहिजेत. जाहीर न केलेला बदल आणि चूक यांत वाचकाला फरक करता येत नाही.

संक्षिप्त रूपांबद्दल माझा कल ती तशीच ठेवण्याकडे आहे. ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हे टिपणात एकदा सांगितले की काम भागते.

तिसरी पायरी यंत्राची. संगणकावर किंवा फोनवर नक्कल करत असाल तर आपोआप शब्द बदलणारी सोय आणि पुढचा शब्द सुचवणारी सोय काम सुरू करण्यापूर्वी बंद करावी. सुचवलेला शब्द नेहमी आजच्या लेखनातला असतो आणि घाईत त्यावर बोट पडते. शब्दाखाली तांबडी रेघ ओढणारी तपासणीही बंदच असू द्यावी. ती रेघ दिसली की शब्द ‘बरा’ करण्याचा मोह होतो, आणि जुन्या मजकुरात ती जवळपास प्रत्येक ओळीत दिसते.

काळाचे लेखन आणि माणसाची चूक

मराठीत या विषयाला एक खास अडचण आहे. आज शाळेत शिकवले जाणारे लेखननियम जुने नाहीत. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले चौदा नियम १९६२ साली शासनाने मान्य केले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. त्या नियमांनी व्युत्पत्तीवरून येणारे पण उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले, आणि ‘कवि’, ‘गति’, ‘बुद्धि’ यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले ऱ्हस्वान्त शब्द मराठीत ‘कवी’, ‘गती’, ‘बुद्धी’ असे दीर्घान्त लिहावेत असे ठरवले. त्यामुळे १९३५ च्या पत्रातले ‘घरांत’, ‘नांव’, ‘केलें’, ‘नाहीं’ हे शब्द अशुद्ध नाहीत. ते लिहिणारा त्याच्या काळाच्या नियमाने अगदी बरोबर होता. उलट त्याच्या पत्रात एखाद्या ठिकाणी ‘केले’ असे अनुस्वाराशिवाय आले असेल, तर त्याच्या काळाच्या नियमाने कदाचित तीच चूक असेल. आजच्या डोळ्याला नेमका तोच शब्द शुद्ध दिसतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा की शुद्धलेखन चांगले येणे एवढ्यावर नक्कल करणाऱ्याचे भागत नाही. कोणत्या काळचे शुद्धलेखन, हेही त्याला माहीत असावे लागते. १९६२ पूर्वी छापलेले एखादे पुस्तक शेजारी ठेवावे आणि शंका आली की त्यात तसाच शब्द कसा छापला आहे ते पाहावे. पंधरावीस पाने अशी लक्षपूर्वक पाहिली की अनुस्वारांची पद्धत बरीचशी डोळ्यांत बसते. १९६२ नंतरचा कागद असेल तरी लगेच नव्या नियमाची अपेक्षा धरू नये. ज्याचे शिक्षण त्यापूर्वी झाले, तो पुढेही अनेक वर्षे जुन्या पद्धतीनेच लिहीत राहिलेला दिसतो.

कागद मोडीत असेल तर प्रश्न आणखी मूळचा होतो. मोडी लेखनात इकार आणि उकार यांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळलेला नसतो, शब्द सुटे लिहिलेले नसतात आणि विरामचिन्हेही सहसा नसतात. असा मजकूर देवनागरीत आणताना ‘मूळाप्रमाणे ऱ्हस्व की दीर्घ’ हा प्रश्नच लागू होत नाही, कारण मूळात ती निवड लेखकाने केलेलीच नसते. तिथे दोन प्रामाणिक मार्ग आहेत. एक म्हणजे मोडीतल्या चिन्हाला देवनागरीतले एकच ठरावीक चिन्ह देणे आणि ते सर्वत्र पाळणे. दुसरा म्हणजे रूढ ऱ्हस्व-दीर्घ वापरणे आणि ते आपले आहेत, लेखकाचे नाहीत, असे टिपणात स्पष्ट लिहिणे. कोणताही मार्ग घ्या, पण मोडीवरून केलेल्या देवनागरी नकलेतल्या ऱ्हस्व-दीर्घांवरून मूळ लेखकाच्या शुद्धलेखनाविषयी कोणी निष्कर्ष काढू नये एवढी काळजी घ्यावी. शब्द तोडण्याचेही तसेच आहे. तोडणारे आपण असतो.

एक नमुना, शब्दागणिक

पुढचा मजकूर समजावण्यासाठी मी रचला आहे, पण त्यातल्या प्रत्येक गोष्टीसारखी गोष्ट जुन्या घरगुती पत्रांत भेटते. पत्र १९४० च्या आसपासचे आहे असे समजू. ओळी मूळाप्रमाणे तोडल्या आहेत.

> चि. शितारामास आशिर्वाद. तुझें पत्र पोंचलें. घरांत
> सर्व खुशाल आहेत. तुझे आईची प्रकृति बरी आहे. विहीरीचें
> काम आडून राहीले आहे, पानी फार लागलें. विटा ४५० आल्या,
> १५० येणें आहेत, मिळून ७०० होतील. गवंडी उद्यां
> येणार. तुझें उत्तर आलें नाहीं तर परत
> परत लिहीन.

आधी काळाचे लेखन बाजूला काढू. ‘तुझें’, ‘पोंचलें’, ‘घरांत’, ‘लागलें’, ‘येणें’, ‘उद्यां’, ‘आलें’, ‘नाहीं’ यांतले अनुस्वार आणि ‘प्रकृति’तला ऱ्हस्व इकार हे त्या काळचे रूढ लेखन आहे. त्यांना हात लावायचा नाही, आणि त्यांच्यापुढे ‘मूळातच असे’ अशी खूणही करायची नाही. तशी खूण केल्यास लेखकाने चूक केली असे सूचित होते, आणि ते खरे नाही.

‘तुझे आईची’ येथे घाईने दुरुस्ती करणारा हमखास फसतो. त्याला येथे ‘तुझ्या’ हवे असते. एखाद्याला ‘तुझें’ असे वाटेल आणि अनुस्वार राहून गेला म्हणून तो टिंब देईल. पण ‘तुझे आईची’, ‘माझे घरी’, ‘त्याचे हातचे’ अशी रूपे जुन्या मराठीत सर्रास वापरात होती. येथे शब्द शुद्ध आहे, अनुस्वार नसणेही बरोबर आहे आणि चूक फक्त आपल्या अपेक्षेत आहे.

‘शितारामास’ हे विशेषनाम आहे. रूढ लेखन ‘सीताराम’ असले तरी नावाला शुद्धलेखनाचा नियम लावू नये. त्या घरात ते नाव तसेच उच्चारले आणि लिहिले जात असेल. दुसऱ्या एखाद्या कागदावर त्याच माणसाने स्वतःची सही कशी केली आहे ते सापडले, तर ते तळटीपेत लिहावे. माणसांची आणि गावांची नावे सारखी करून टाकल्यामुळे पुढे दोन वेगळी माणसे एक ठरतात किंवा एकच माणूस दोन ठरतो, आणि हे बिघडलेले सूत सोडवणे फार अवघड असते.

आता ‘आशिर्वाद’, ‘विहीरीचें’, ‘आडून’, ‘राहीले’ आणि ‘पानी’. हे शब्द १९४० च्या नियमानेही बरोबर नव्हते. म्हणजे ते लेखकाचे आहेत किंवा आपल्या वाचनाचे आहेत, आणि दुसरी शक्यता आधी तपासायची. वेलांटीची उभी रेघ दोन अक्षरांच्या मध्ये येते. ती मागच्या अक्षराची दीर्घ वेलांटी असू शकते किंवा पुढच्या अक्षराची ऱ्हस्व. वरचा वळसा डावीकडे झुकून मागच्या अक्षरावर गेला असेल तर ती दीर्घ, उजवीकडे पुढच्या अक्षरावर गेला असेल तर ऱ्हस्व. घाईच्या हस्ताक्षरात हा वळसा इतका लहान राहतो की आपण सवयीने काहीही वाचतो. म्हणून त्याच लेखकाचे निर्विवाद ऱ्हस्व आणि निर्विवाद दीर्घ असे चार-पाच शब्द त्याच पानावर शोधून त्यांच्याशी ताडून पाहावे. या पत्रात ‘विटा’तली ऱ्हस्व आणि ‘मिळून’मधली ऱ्हस्व, तसेच ‘बरी’तली आणि ‘गवंडी’तली दीर्घ हे त्यासाठी पुरेसे आहेत.

‘राहीले’वर अनुस्वार नाही, हे आणखी एकदा पाहण्यासारखे आहे. टिंब ही हस्तलिखितातली सर्वांत लबाड खूण आहे. ती पुसट होते, घडीत जाते, शिरोरेघेत मिसळते, आणि उलट कागदावरचा डागही टिंबासारखा दिसतो. कागद हाती असेल तर तो उलटून पाहावा. मागच्या बाजूच्या मजकुराची शाई नेमकी त्याच जागी झिरपली असेल, तर आपण वाचलेले टिंब अनुस्वार नव्हे. छायाचित्रावरून काम करत असाल तर मागच्या बाजूचेही छायाचित्र मागवावे. एवढे करूनही ‘राहीले’ असेच दिसत असेल तर तसेच लिहावे. इतर सर्व ठिकाणी लेखकाने अनुस्वार दिले आहेत म्हणून येथेही ‘दिला असता’, असे समजून तो देऊ नये. लेखक आपल्या लेखनात एकसारखा नव्हता ही माहितीही त्या कागदावरचीच आहे.

‘पानी’बद्दल निश्चित सांगता येत नाही, आणि ते न सांगणेच योग्य. ‘येणें’, ‘येणार’ यांत लेखकाने ‘ण’ नीट लिहिला आहे. म्हणजे ‘पानी’ ही लेखणीची घसरण असेल किंवा रोजच्या बोलण्यातला शब्द लिखाणात उतरला असेल. याच माणसाची आणखी पत्रे असतील तर त्यांत हा शब्द कसा येतो ते पाहावे. प्रत्येक वेळी ‘पानी’च येत असेल तर ती त्याची बोली आहे. गुपचूप ‘पाणी’ करणाऱ्याने हा प्रश्न विचारण्याची सोयच संपवलेली असते.

आकड्यांत नियम आणखी कडक ठेवावा. ४५० आणि १५० यांची बेरीज ६०० होते, पत्रात ७०० आहे. येथे बेरीज दुरुस्त करण्याचा विचारही मनात आणू नये, पण जुळत नाही म्हणून आपले वाचन मात्र पुन्हा तपासावे. हाताने लिहिलेले ४ आणि ५ एकमेकांसारखे दिसतात. ४ च्या तळाशी गाठ असते, ५ ला गाठ नसून खाली उतरणारी शेपटी असते. पहिला आकडा ५ असेल तर ५५० आणि १५० मिळून ७०० बरोबर होतात. तुलनेसाठी दूर जावे लागत नाही, कारण त्याच संख्येत दुसरा आकडा निर्विवाद ५ आहे. दोन्हींची ठेवण एकच निघाली तर चूक आपली होती आणि ती न सांगता सुधारायची. पहिल्याला गाठ स्पष्ट दिसली तर ४५० च लिहायचे, आणि तळटीपेत ‘बेरीज जुळत नाही, मूळात असेच’ एवढे सांगायचे. विटा आणखी कुठून तरी आल्या असतील, शंभर विटा आधीच्या शिल्लक असतील, किंवा लेखकाची बेरीज चुकली असेल. त्यातले काय खरे, हे ठरवणे नकलेचे काम नाही.

शेवटची गंमत ‘परत परत’ची. एक ‘परत’ ओळीच्या शेवटी आहे आणि दुसरा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. ओळ बदलताना शब्द दोनदा लिहिला जाणे ही हस्तलिखितातली नेहमीची घसरण आहे, म्हणून दुरुस्ती करणारा एक ‘परत’ उडवतो आणि वाक्य ‘परत लिहीन’ असे होते. पण ‘परत परत लिहीन’ हेही अगदी सरळ मराठी आहे आणि त्याचा अर्थ वेगळा आहे. पहिल्यात बाप आणखी एक पत्र लिहिणार आहे, दुसऱ्यात तो उत्तर येईपर्यंत लिहीत राहणार आहे. कोणते खरे हे कागदावरून कळत नाही. अशा वेळी दोन्ही शब्द ठेवावेत आणि मधे ओळ तुटल्याची खूण करावी, म्हणजे शंका कशामुळे येते ते वाचकालाही दिसते. ओळी पाळून नक्कल करण्याचा हा एक मोठा फायदा आहे, आणि शक्य तिथे ओळी पाळाव्यात असे मी म्हणतो ते यामुळेच.

खुणा किती आणि कोणत्या

आपण मजकुरात घातलेली प्रत्येक गोष्ट चौकटी कंसात असावी, कारण साधे गोल कंस मूळ लेखकानेही वापरलेले असतात. न लागलेल्या अक्षराला [?], फाटलेल्या भागाला [फाटले], अंदाजाने वाचलेल्या शब्दाला शब्दानंतर [?], आणि चूक मूळातलीच आहे हे सांगायला [मूळातच], एवढ्या खुणा बहुतेक कामांना पुरतात. खूण कोणतीही निवडा, पण ती नियमपत्रकात लिहा आणि मधेच बदलू नका.

[मूळातच] ही खूण फार जपून वापरावी. प्रत्येक चुकीपुढे ती घातली तर मजकूर वाचता येत नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे नक्कल करणारा लेखकाच्या प्रत्येक शब्दावर बोट ठेवत उभा आहे असे वाटू लागते. ही खूण फक्त तिथे हवी जिथे जाणत्या वाचकालाही ‘ही चूक नक्कल करणाऱ्याची असावी’ असे वाटेल. वरच्या पत्रात मी ती कदाचित ‘४५०’पाशीच वापरेन. ‘आशिर्वाद’, ‘विहीरीचें’ यांसाठी ‘मूळातले लेखन तसेच ठेवले आहे’ हे सुरुवातीचे एक वाक्य पुरेसे आहे.

नक्कल संगणकावर ठेवायची असेल आणि काम मोठे असेल, तर मूळ आणि दुरुस्त असे दोन्ही पाठ एकाच ठिकाणी ठेवण्याची पद्धत उपलब्ध आहे. ग्रंथपाठांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या टीईआय या खूणपद्धतीत त्यासाठी दोन वेगळ्या जोड्या आहेत:

```
<choice><sic>आशिर्वाद</sic><corr>आशीर्वाद</corr></choice>
<choice><orig>घरांत</orig><reg>घरात</reg></choice>
```

पहिली जोडी लेखकाच्या चुकीसाठी आहे, दुसरी जुन्या पण त्या काळी बरोबर असलेल्या लेखनासाठी. म्हणजे ‘चूक’ आणि ‘जुने’ यांतला भेद या पद्धतीने खुणेतच बांधून टाकला आहे. ही खूणपद्धत वापरायची नसली तरी हा भेद आपल्या कामात आणण्यासारखा आहे. साध्या तक्त्यातही तो ठेवता येतो. पान, ओळ, मूळ शब्द, आजचे लेखन, आणि ‘जुने’ की ‘चूक’, असे पाच रकाने केले की झाले. शिवाय शोधाची अडचण सुटते, कारण ‘घरात’ असे शोधणाऱ्याला ‘घरांत’ सापडत नाही आणि तक्ता तेवढे काम करतो.

दुरुस्त वाचनप्रत करायची असेल तर

वाचनप्रतीत दुरुस्ती करणे यात काही गैर नाही. गैर आहे ते कुठे थांबायचे हे न ठरवता सुरू करणे. अनुस्वार काढणे आणि ऱ्हस्व-दीर्घ आजचे करणे ही पहिली पायरी. विरामचिन्हे घालणे ही दुसरी. ‘तुझे आईची’चे ‘तुझ्या आईची’ करणे ही तिसरी, आणि ती शुद्धलेखनाची दुरुस्ती राहिलेली नसते, तो भाषेतला बदल असतो. माझ्या मते पहिल्या दोन पायऱ्यांवर थांबावे. जुनी रूपे, बोलीतले शब्द, नावे आणि आकडे वाचनप्रतीतही तसेच राहू द्यावेत. वाचणाऱ्याला त्यांचा अर्थ लागतो, आणि लिहिणाऱ्याचा आवाज ऐकू येतो तो त्यांतूनच.

ऱ्हस्व-दीर्घ बदलतानाही एक जागा सांभाळावी लागते. काही जोड्यांत वेलांटी किंवा उकार बदलला की शब्दच बदलतो. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. लेखक ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसेल तर ‘दीन’ लिहिताना त्याला काय म्हणायचे होते हे संदर्भावरूनच ठरते, आणि कधी ठरतही नाही. जिथे दोन्ही अर्थ लागतात, तिथे वाचनप्रतीतही मूळ लेखन ठेवून तळटीप द्यावी.

वाचनप्रतीच्या पहिल्या पानावर दोन-तीन वाक्यांत काय बदलले, काय बदललेले नाही आणि अक्षरशः नक्कल कोठे पाहता येईल, हे लिहावे. हे लिहिले की एकेका शब्दापुढे खूण करण्याची गरज उरत नाही, आणि दुरुस्ती गुपचूपही राहत नाही.

तपासणी

नक्कल तपासण्याची जुनी रीत म्हणजे एकाने मूळ मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने नकलेत पाहायचे. गळलेला शब्द, गळलेली ओळ, दोनदा उतरलेली ओळ यांसाठी ही रीत उत्तम आहे. पण शुद्धलेखनासाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण ‘घरांत’ आणि ‘घरात’ यांचा उच्चार सारखाच होतो, आणि ‘आशिर्वाद’ व ‘आशीर्वाद’ यांतला फरक बोलताना फारसा ऐकू येत नाही. म्हणून वाचणाऱ्याने ‘घरांत, त्यातल्या रावर टिंब’, ‘आशिर्वाद, शि पहिली’ असे सांगत वाचावे लागते. हे संथ आणि कंटाळवाणे असते, पण दर चार-पाच पानांपैकी एक तरी पान असे वाचून पाहावे. त्यात चुका निघाल्या तर सगळीच पाने तशी वाचावीत.

एकट्याने तपासायचे असेल तर पान शेवटच्या शब्दाकडून उलटे तपासावे. अर्थाचा ओघ तुटला की मन पुढचा शब्द गृहीत धरत नाही आणि डोळे अक्षराकडे वळतात. नक्कल आणि तपासणी यांत निदान एक रात्र जाऊ द्यावी.

संगणकावरच्या नकलेत आणखी एक सोपी तपासणी करता येते. आजची रूपे शोधून पाहावीत. लेखक सतत ‘आशिर्वाद’ लिहीत असेल आणि नकलेत दोन ठिकाणी ‘आशीर्वाद’ सापडले, तर त्या दोन जागा मूळात पुन्हा पाहाव्यात. बऱ्याचदा तिथे आपला हात घसरलेला असतो. तसेच ‘नाही’, ‘घरात’, ‘केले’ असे अनुस्वार नसलेले शब्द शोधावेत आणि ते कोणत्या पानांवर जास्त आहेत ते पाहावे. पहिल्या पानांवर ते नाहीत आणि शेवटच्या पानांवर पुष्कळ आहेत असे दिसले, तर लेखकाची पद्धत बदलली असण्यापेक्षा आपण थकलो होतो ही शक्यता अधिक असते. मूळ काढून त्या पानांची नक्कल पुन्हा करावी.

तपासून पूर्ण झालेल्या अक्षरशः नकलेच्या फाईलला नंतर हात लावू नये. पुढे चूक सापडली तर जुनी फाईल तशीच ठेवून नव्या नावाने दुसरी करावी आणि तिच्या आरंभी तारीख, पान, ओळ, आधीचे वाचन आणि नवे वाचन लिहावे. मधल्या काळात कोणी आधीच्या नकलेवरून उतारा घेतला असेल, तर त्याच्या आणि आपल्या पाठात फरक का पडला हे त्याला त्या नोंदीवरून कळते.